यील्ड १ टक्का वाढला तर गिल्ट फंड नेमका किती पडतो? ड्युरेशन पुरे, की कन्व्हेक्सिटीही हवी?

मीनल_पार्लेकर
आईच्या नावावर एका गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोख्यांच्या फंडात, दहा लाख आहेत. तिची पेन्शन व्यवस्थित आहे, त्यामुळे हे पैसे तीन-चार वर्षं तरी लागणार नाहीत. फंडाच्या फॅक्टशीटवर मॉडिफाइड ड्युरेशन ७.११ लिहिलंय. आमचे सल्लागार म्हणाले, "यील्ड एक टक्का वाढला की ७.११ टक्के गेले समजा, म्हणजे एकाहत्तर हजार." भाऊ एमबीए आहे. तो म्हणतो तेवढे पडत नाहीत, कन्व्हेक्सिटी असते ती थोडं वाचवते. किती वाचवते असं विचारलं की विषय बदलतो.

फॅक्टशीटवर कन्व्हेक्सिटीचा आकडाच नाही. म्हणजे ती इतकी किरकोळ असते, की फंडवाले लपवतात? कोणीतरी एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवा. व्याख्या मी वाचल्यात, त्या वाचून डोकं अजून जड झालंय.

कटिंग_चहा
एमबीए आणि विषय बदलतो? मग खरोखरच एमबीए आहे.
वाखू साठवली.

आबा_डोंबिवलीकर
हे वाचून धसका बसला. माझ्याकडे रिझर्व्ह बँकेचे ते ८.०५ टक्केवाले बाँड आहेत. यील्ड वाढला तर तेही पडणार का? सोमवारी बँकेत जाऊन विकून टाकू का? कृपया लवकर सांगा, आज शनिवार आहे.

निशा_कोपरखैरणे
आबा, शांत व्हा. तुमचे ते फ्लोटिंग रेट बचत रोखे. त्यांचा बाजारच नाही, त्यामुळे बाजारभाव नाही आणि पडायला काही नाही. विकताही येत नाहीत. ठरावीक वयाच्या पुढे मुदतीआधी मोडण्याची सोय आहे, पण त्यात दंड बसतो. व्याज दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला, एनएससीच्या दरावर ०.३५ टक्का जास्त असं नव्याने ठरतं. दर वाढले तर तुमचं व्याजच वाढेल. सोमवारी घरीच बसा.

आबा_डोंबिवलीकर
धन्यवाद निशाताई. जीव भांड्यात पडला.

सोमण_ठाणे
मीनल, तुमच्या सल्लागारांचा गोंधळ झालाय. ड्युरेशन वर्षांत मोजतात, टक्क्यांत नाही. ७.११ म्हणजे तुमचे पैसे वसूल व्हायला सरासरी ७.११ वर्षं लागतील, एवढाच अर्थ. किंमत किती पडेल याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि सरकारी रोखा मुदतीपर्यंत धरला तर शंभराचे शंभर मिळतातच, तोटा शून्य. उगाच लोकांना घाबरवतात.

निवृत्त_ट्रेझरी
सोमण, तुमचं अर्धं बरोबर आहे. वर्षांत मोजतात ते मॅकॉलेचं ड्युरेशन. त्याला एक अधिक अर्धवार्षिक यील्डने भागलं की मॉडिफाइड ड्युरेशन मिळतं, आणि ते किमतीच्या हालचालीसाठीच काढतात. "मुदतीपर्यंत धरला तर" हे रोख्याला लागू आहे. गिल्ट फंडाला मुदत नसते. मॅनेजर कागद विकत-घेत राहतो आणि एनएव्ही, म्हणजे फंडाच्या युनिटची किंमत, रोज बाजारभावाने ठरते.

मीनलताई, उदाहरण देतो. एका सहकारी बँकेच्या ट्रेझरीत माझी सगळी नोकरी झाली, तिथे नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच करायला लावायचो.

दहा वर्षांचा सरकारी रोखा घ्या. कूपन ७ टक्के, म्हणजे दर सहा महिन्यांनी ३.५० रुपये, आणि शेवटी १००. यील्डही, म्हणजे बाजार मागतो तो परतावा, ७ टक्के, म्हणून आजची किंमत बरोबर १००. आता याच रोख्याची किंमत वेगवेगळ्या यील्डला काढा. सूत्र वगैरे काही नाही, वीस हप्ते आणि शेवटचे शंभर आजच्या किमतीत आणायचे:

६ टक्क्यांना १०७.४४
७ टक्क्यांना १००.००
८ टक्क्यांना ९३.२०
९ टक्क्यांना ८६.९९

प्रत्येक पायरीतला फरक बघा. ६ वरून ७ वर जाताना ७.४४ रुपये जातात, ७ वरून ८ वर जाताना ६.८० आणि ८ वरून ९ वर जाताना ६.२१. वाढ दर वेळी एकच टक्का आहे, पण फटका कमी कमी होत जातो. कन्व्हेक्सिटी म्हणतात ती हीच.

आता अंदाज. या रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन ७.११ येतं, तुमच्या फंडाइतकंच, आणि कन्व्हेक्सिटी ६४.३. यील्ड १ टक्का वाढला तर ड्युरेशनचा हिशेब उणे ७.११ सांगतो. कन्व्हेक्सिटीचा हिशेब असा: ६४.३ चं निम्मं ३२.१५, त्याला ०.०१ च्या वर्गाने, म्हणजे ०.०००१ ने गुणायचं. ०.००३२ आलं, म्हणजे अधिक ०.३२ टक्का. दोन्ही मिळून उणे ६.७८, किंमत ९३.२२. खरी किंमत ९३.२०. दोन पैशांच्या आत.

दहा लाखांवर सल्लागारांचा आकडा ७१ हजार, खरा आकडा ६८ हजारांच्या जवळ. भाऊ बरोबर आहे, फक्त जेमतेम तीन हजारांपुरता.

मीनल_पार्लेकर
काका, हे पहिल्यांदा कळलं. ७.४४, ६.८०, ६.२१ हे तीन आकडे कोणी आधी दाखवले असते तर! भावाला पाठवते.

कटिंग_चहा
तीन हजार रुपयांसाठी घरात महाभारत. हे पार्ल्यातच होऊ शकतं.

रुईयाची_ऋता
काका, मी एफआरएमचा अभ्यास करतेय, परीक्षा जवळ आलीये. तुमचंच उदाहरण वहीत केलं. ड्युरेशन ७.११ जुळलं, पण कन्व्हेक्सिटी २५७ येतेय! दोनदा तपासलं. प्रत्येक हप्त्याला t गुणिले t+1 घेऊन बेरीज, मग १.०३५ च्या वर्गाने भागलं, मग किमतीने भागलं. कुठे चुकतंय?

निवृत्त_ट्रेझरी
कुठेच नाही. तुझा t सहामाहीत आहे, म्हणून तुझी कन्व्हेक्सिटी "सहामाही वर्ग" मापात आली. वर्षाच्या मापात आणायला २ च्या वर्गाने, म्हणजे ४ ने भाग. २५७.२ भागिले ४, ६४.३. ड्युरेशनला तू २ ने भागलंस म्हणून ते जुळलं, इथे चाराने भागायचं राहिलं.

गंमत अशी की २५७ घेतले तर हिशेब अडत नाही, उत्तर निमूटपणे चुकतं. कन्व्हेक्सिटीचा भाग १.२९ होतो, एकूण उणे ५.८२ आणि किंमत ९४.१८. खऱ्या ९३.२० पेक्षा रुपयाभर जास्त. ही चूक पकडायची खूण अशी: कन्व्हेक्सिटी धरल्यावरचा अंदाज ड्युरेशनच्या अंदाजापेक्षा खऱ्या किमतीच्या जवळ आला पाहिजे. लांब गेला तर माप चुकलंय. काही टर्मिनलवर उलटंही असतं, कन्व्हेक्सिटी शंभराने भागून ०.६४ अशी दाखवतात. ती तशीच सूत्रात टाकली तर ती असून नसल्यासारखीच.

रुईयाची_ऋता
अय्या, चाराने! यूट्यूबवरच्या सरांनी सरळ "annualise it" म्हणून पुढची स्लाइड लावली होती. आभार.

फोर्टचा_फिरस्ता
ऋता, बेरजांच्या भानगडीत पडूच नकोस. आमच्या डेस्कवर कोणी t(t+1) करत नाही. एक्सेलमध्ये तीन किमती काढायच्या: आजची, यील्ड वर गेल्यावरची आणि खाली आल्यावरची.

```
=PRICE(DATE(2026,1,1),DATE(2036,1,1),7%,6%,100,2,4)
=PRICE(DATE(2026,1,1),DATE(2036,1,1),7%,8%,100,2,4)
=MDURATION(DATE(2026,1,1),DATE(2036,1,1),7%,7%,2,4)
```

कन्व्हेक्सिटीसाठी एक्सेलमध्ये तयार फंक्शन नाही, पण गरजही नाही. १०७.४३८७ आणि ९३.२०४८ ची बेरीज २००.६४३५. त्यातून आजच्या किमतीची दुप्पट, २००, वजा. उरले ०.६४३५. त्याला १०० गुणिले ०.०००१ ने, म्हणजे ०.०१ ने भागलं की ६४.३५. मापाची भानगडच येत नाही, कारण यील्ड आधीपासून वार्षिक घेतलाय. शेवटचा 4 म्हणजे ३०/३६० ची दिवसगणना, आपल्या सरकारी रोख्यांना तीच लागते.

सोमण_ठाणे
माझा मुद्दा तसाच आहे. फॅक्टशीटवर दोन्ही ड्युरेशनं असतात, मॅकॉले आणि मॉडिफाइड. सेबीने फंडांचे प्रकार पाडलेत तेही मॅकॉलेवर. म्हणजे वर्षं महत्त्वाचीच ना?

निवृत्त_ट्रेझरी
महत्त्वाचीच, आणि त्यांचा ताईंच्या प्रश्नाशी संबंधही आहे. त्यावर येतो. आत्ता नात शाळेतून यायची वेळ झाली.

अण्णा_लालबाग
२०२२ विसरलात का सगळे? ४ मे ला रिझर्व्ह बँकेने ठरलेली बैठक नसताना रेपो ४ वरून ४.४० केला. एका दिवसात दहा वर्षांचा यील्ड पाव टक्क्याने वर. माझ्या डेट फंडाची एनएव्ही बघून मी सल्लागाराला फोन लावला, तर म्हणतो, "अण्णा, कन्व्हेक्सिटी आहे, काळजी नको." कसली कन्व्हेक्सिटी? सगळंच तर गेलं!

फोर्टचा_फिरस्ता
अण्णा, त्या सल्लागाराला गुणाकार येत नव्हता. ती यील्डच्या बदलाच्या वर्गाने चालते. काकांच्या उदाहरणात १ टक्क्याला ३२ पैसे वाचले. पाव टक्क्याला त्याच्या सोळाव्या हिश्शाइतके, म्हणजे २ पैसे. आणि ड्युरेशनने त्याच वेळी १.७८ रुपये नेले. एका दिवसाच्या हालचालीत तिचा टेकू घेणं म्हणजे वीस रुपयांच्या वडापाववर एक चटणी जादा मिळाली म्हणून खूश होणं.

त्या वर्षीचं मोठं चित्र घ्या. ६.५४ टक्क्यांचा २०३२ चा रोखा जानेवारी २०२२ मध्ये निघाला. जूनच्या मध्यापर्यंत दहा वर्षांचा यील्ड ७.६ च्या आसपास गेला. पाच महिन्यांत एक टक्क्याहून जास्त. हिशेबाने किंमत ९३ च्या आसपास येते. तेव्हा कन्व्हेक्सिटीचे ३०-३५ पैसे दिसले असतील, पण सात रुपये गेल्यावर ते कोण मोजतंय?

अण्णा_लालबाग
चटणी पटली.

रुईयाची_ऋता
मग दोन टक्के वाढले तर चौपट ना? काकांच्या आकड्यांवर करून बघितलं. ड्युरेशन उणे १४.२१, कन्व्हेक्सिटी अधिक १.२९, एकूण उणे १२.९३, किंमत ८७.०७. खरी ८६.९९. आठ पैशांचा फरक राहिला. एक टक्क्याला फरक एकाच पैशाचा होता. फरक का वाढला?

निवृत्त_ट्रेझरी
नात झोपली. ऋता, कारण कन्व्हेक्सिटीही स्थिर नसते, यील्ड वाढला की तीही कमी होते. आपण ७ टक्क्यांवरची कन्व्हेक्सिटी घेऊन ९ पर्यंत गेलो. पुढची दुरुस्ती बदलाच्या घनाने चालते, म्हणून दुप्पट बदलाला फरक आठपट. त्या पायरीवर अंदाज सोडून सरळ नवी किंमत काढावी, एक्सेल आहेच. अंदाजाचा उपयोग दोनशे कागदांचा पोर्टफोलिओ समोर असताना आणि साहेब दारात उभे असताना होतो.

एक लक्षात ठेव. यील्ड वाढताना हा दोन पायऱ्यांचा अंदाज नेहमी खऱ्या किमतीच्या किंचित वर बसतो, म्हणजे तोटा थोडा कमी दाखवतो. नुसतं ड्युरेशन तोटा जास्त दाखवतं. खरा आकडा या दोघांच्या मध्ये, आणि साध्या रोख्यासाठी दुसऱ्याला अगदी चिकटून.

मीनल_पार्लेकर
आता माझा दुसरा प्रश्न. फॅक्टशीटवर कन्व्हेक्सिटी का नसते? फंडाचं ड्युरेशन ७.११ आहे, काकांच्या रोख्याचंही ७.११ आहे. मग फंडाचीही ६४ धरून चालू का?

फोर्टचा_फिरस्ता
नाही! इथेच तर मजा आहे. ७.११ दोन प्रकारे बनवता येतं. सगळे पैसे दहा वर्षांच्या कागदात टाका. किंवा ५७ टक्के तीस वर्षांच्या कागदात आणि ४३ टक्के ओव्हरनाइटला, म्हणजे एका दिवसाच्या मुदतीला, ठेवा. तीस वर्षांच्या ७ टक्केवाल्या रोख्याचं ड्युरेशन १२.४७, त्याचे ५७ टक्के ७.११. ओव्हरनाइटचं जवळपास शून्य. फॅक्टशीटवर दोन्ही फंड जुळे दिसतील.

पण तीस वर्षांच्या कागदाची कन्व्हेक्सिटी २५१ आहे. त्याचे ५७ टक्के १४३. दहा वर्षांच्या कागदाच्या ६४ समोर १४३! सगळीकडे यील्ड १ टक्का वाढला तर पहिला फंड ६.८० टक्के पडेल, दुसरा ६.४५. यील्ड १ टक्का उतरला तर पहिला ७.४४ चढेल, दुसरा ७.८९. पडताना कमी, चढताना जास्त. म्हणून मी नेहमी म्हणतो, ड्युरेशन सारखं असेल तर कन्व्हेक्सिटी जास्त असलेला फंड घ्या.

सोमण_ठाणे
दोन्हीकडून फायदा? मुंबईत फुकट काही मिळत नाही हो.

निवृत्त_ट्रेझरी
सोमण, आज तुमचं शंभर टक्के बरोबर.

फिरस्ता, गणित बरोबर आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्यात. पहिली, तीस वर्षांचा आणि दहा वर्षांचा यील्ड सारखाच हलेल. समजा दहाचा १ टक्का वाढला आणि तीसचा १.२०. मग तीस वर्षांच्या कागदाची किंमत १०० वरून ८६.६८ वर, आणि तुमचा फंड ६.४५ ऐवजी ७.६ टक्के पडेल. दहा वर्षांवाला ६.८० वरच. म्हणजे वाचलेले पैसे गेलेच, वर ऐंशी पैसे खिशातून.

दुसरी, वेळ. ४३ टक्के पैसे ओव्हरनाइटला पडून आहेत. तिथे समजा साडेपाच टक्के मिळतात आणि लांबच्या कागदात सात. दीड टक्क्याचे ४३ टक्के म्हणजे वर्षाला ६४ पैसे कमी. कन्व्हेक्सिटीचे ३५ पैसे मिळवायला वर्षाला ६४ पैसे भाडं. यील्ड जोरात हलला तर परवडतं, जागेवर बसला तर तोटा. बाजाराला हे माहीत असतं, म्हणून कन्व्हेक्सिटी विकत घ्यावी लागते.

फोर्टचा_फिरस्ता
काका, तुमच्या काळात तीस-चाळीस वर्षांच्या कागदाला गिऱ्हाईक नव्हतं. आता विमा कंपन्या आणि पेन्शन फंड लांबचा कागद उचलतात. २०२३ पासून पन्नास वर्षांचाही निघतो. लांबचं टोक आता दहाच्या मानाने कमी हलतं, जास्त नाही.

निवृत्त_ट्रेझरी
एवढी खात्री नको. ६ जून २०२५ आठवा. रिझर्व्ह बँकेने रेपो अर्धा टक्का कमी करून ५.५० केला आणि त्याच वेळी धोरणाची भूमिका अकोमोडेटिव्हवरून न्यूट्रल केली. बाजाराने अर्थ काढला की पुढे कपात नाही, आणि लांबच्या कागदांचे यील्ड वर गेले. रेपो खाली आणि यील्ड वर. एकच ड्युरेशन घेऊन सगळ्या मुदतींना एकाच बदलाने गुणणाऱ्याला त्या दिवशी दिशासुद्धा चुकीची मिळाली असती.

फोर्टचा_फिरस्ता
एका दिवसाचं उदाहरण आहे ते. आमच्या डेस्कवर आम्ही मुदतींचे गट करून प्रत्येकाचं पीव्ही-झिरो-वन, म्हणजे यील्ड एक शतांश टक्का हलला की किंमत किती हलते ते, वेगळं बघतो. म्हणून सांगतोय, लांबचं टोक विमा कंपन्यांनी बांधून ठेवलंय.

निवृत्त_ट्रेझरी
बांधलेलं आहे तोवर आहे. त्यांनी एका तिमाहीत हात आखडता घेतला की कळेल. यावर आपण दोघं सहमत होणार नाही, आणि ताईंना त्याची गरजही नाही.

कटिंग_चहा
दोघांनी स्टर्लिंग थिएटरजवळ भेटून एकदाचं मिटवा. आम्ही येतो बघायला. वडापाव अण्णांकडून.

अण्णा_लालबाग
मी कशाला? माझी एनएव्ही पडली होती.

मीनल_पार्लेकर
फंडाची महिन्याची पोर्टफोलिओ यादी उघडली. चाळीस टक्क्यांच्या वर तीस वर्षांहून लांबचे कागद आहेत, थोडे मधले, आणि उरलेले ट्रेप्स आणि ट्रेझरी बिलं, म्हणजे अगदी कमी मुदतीचे. म्हणजे माझा फंड फिरस्तांच्या दुसऱ्या प्रकारातला दिसतोय! ६४ नाही धरता येणार. मग आता मी काय धरू?

निवृत्त_ट्रेझरी
यादीत प्रत्येक कागदाचं कूपन, मुदत आणि टक्केवारी असते. फिरस्तांच्या तीन किमतींच्या पद्धतीने मोठ्या पाच-सहा कागदांची कन्व्हेक्सिटी काढा आणि टक्केवारीने गुणून बेरीज करा. बिलं आणि ट्रेप्सची शून्य धरा. शंभर ते दीडशेच्या मध्ये काहीतरी येईल असं वाटतं. पण यादी महिनाअखेरीची असते, मॅनेजर मधल्या काळात फिरवतो. म्हणून एवढा बारीक हिशेब आईच्या निर्णयासाठी करू नका.

त्यापेक्षा मघाशी राहिलेली गोष्ट सांगतो, सोमणांची वर्षं. यील्ड आज एकदम ८ झाला आणि तिथेच राहिला असं समजा. माझ्या दहा वर्षांच्या रोख्यात दहा लाखांचे ९ लाख ३२ हजार झाले. पण आता ते ८ टक्क्यांनी वाढतात, आणि कूपनही ८ ने गुंतवलं जातं. चार वर्षांनी १२ लाख ७६ हजार होतील. यील्ड ७ वरच राहिला असता तर १३ लाख १७ हजार झाले असते. म्हणजे चार वर्षांच्या शेवटी ४१ हजार मागे, पण मुदलाच्या वर आरामात. दोन्ही रस्ते बरोबरीला येतात सव्वासात वर्षांच्या आसपास, मॅकॉलेच्या ७.३५ च्या जवळ. सोमण ज्याला "पैसे वसूल" म्हणत होते त्याचा खरा उपयोग हा.

सोमण_ठाणे
बघा! मी म्हणत होतो.

निवृत्त_ट्रेझरी
तुम्ही म्हणत होतात की किंमत पडण्याशी संबंध नाही.

निशा_कोपरखैरणे
आणि तो एक टक्का एकदम न वाढता वर्षभरात हळूहळू वाढला तर?

निवृत्त_ट्रेझरी
मग चित्र अजून सौम्य. वर्षाच्या शेवटी रोखा नऊ वर्षांचा उरतो. ८ टक्क्यांना त्याची किंमत ९३.६७, आणि वर्षाचं ७ रुपये कूपन हातात. एकूण १००.६७. वर्षभर फुकट राबले, पण मुद्दल गेलं नाही. फंडाचा खर्च यातून वेगळा वजा करा. ताई, तुमच्या सल्लागारांचे ७१ हजार हा एका क्षणात बसणाऱ्या धक्क्याचा आकडा आहे. त्यात कन्व्हेक्सिटी धरली की तीन हजारांचा फरक, वेळ धरली की सत्तर हजारांहून जास्तचा.

मीनल_पार्लेकर
हे आईला मराठीत समजावता येईल. पैसे चार वर्षांनी लागणार आणि बरोबरी सव्वासात वर्षांनी, तेव्हा यातले निम्मे कमी ड्युरेशनच्या फंडात हलवायचा विचार आहे. भावाचं मत विचारलेलं नाही.

रुईयाची_ऋता
जाता जाता एक. बँकांचे ते कॉल असलेले बाँड असतात, त्यांनाही हीच तीन किमतींची पद्धत चालेल का?

फोर्टचा_फिरस्ता
पद्धत चालेल, पण PRICE फंक्शन नाही चालणार. त्याला कॉल कळत नाही, ते सगळे हप्ते मिळणारच असं धरतं. यील्ड उतरला की बँक बाँड परत घेऊन स्वस्तात नवा काढते, म्हणून त्याची किंमत कॉलच्या किमतीच्या फार वर जात नाही. समजा यील्ड १ टक्का वाढल्यावर किंमत १०० ची ९४ झाली, पण तेवढाच उतरल्यावर १०३ लाच अडकली. बेरीज १९७, त्यातून २०० वजा, उणे ३. कन्व्हेक्सिटी उणे ३००. पडताना पूर्ण, चढताना अर्धी. असा कागद ज्या फंडात आहे तिथे "कन्व्हेक्सिटी वाचवते" म्हणणारा भेटला तर कॉलची तारीख विचार.